क्षेत्ररेषा बंदच होत नाहीये: कोड चुकलंय की पुस्तकातलं वाक्य?

खडूफळा

बारावीच्या वर्गात दाखवायला पायथॉनमध्ये चुंबकीय क्षेत्ररेषा काढतोय. मांडणी साधी आहे. १० सेमी त्रिज्येचं तारेचं एकच वर्तुळाकार वेटोळं, त्यात १०० अँपिअर. त्याच्या अक्षावरून जाणारी लांब सरळ तार, तिच्यातही १०० अँपिअर. वेटोळ्याच्या तारेपासून १ सेमी बाहेरच्या बिंदूवर सुरुवात करतो आणि क्षेत्राच्या दिशेने १ मिमीच्या पावलांनी पुढे जातो:

```python
x = x + h * B(x) / np.linalg.norm(B(x))
```

सरळ तारेतली धारा शून्य ठेवली तर रेषा वेटोळ्याच्या तारेभोवती एक फेरी मारते, पण सुरुवातीच्या जागी न येता ३ मिमी बाहेर येते. तारेत धारा सोडली तर ती मळसूत्रासारखी वेटोळ्याभोवती फिरत पुढे पुढे जाते आणि परत येतच नाही.

पुस्तकातलं वाक्य: "स्वतंत्र चुंबकीय ध्रुव अस्तित्वात नसल्याने चुंबकीय बलरेषा बंद वळसे तयार करतात." मग चूक कुठे शोधू?

अरविंद_कोथरूड

कोडमध्येच. `div B = 0` म्हणजे रेषेला सुरुवात नाही आणि शेवट नाही. ज्याला सुरुवात-शेवट नाही ते बंदच असणार, दुसरं काय असणार? तुमची रेषा ३ मिमी बाहेर येते याचा अर्थ तुमच्या क्षेत्रात कुठेतरी खोटा ध्रुव शिरलाय. बायो-सावारच्या बेरजेत वेटोळ्याचे किती तुकडे केलेत? कमी केले असतील तर वाढवा.

खडूफळा

३६० तुकडे. ३६०० करून पाहिले, ३ मिमी जसेच्या तसे.

मुक्ता

तुकड्यांचा इथे दोष नाही. बायो-सावारमधल्या प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र हे कुठल्यातरी सदिशाचा कर्ल असतं, त्यामुळे तुकडे चारच घेतले तरी त्यांच्या बेरजेचं डायव्हर्जन्स तंतोतंत शून्य येतं. कमी तुकडे घेतल्यावर वेटोळ्याच्या अगदी जवळ क्षेत्र खडबडीत होतं एवढंच. तुमच्याकडे दोन तुकड्यांमधलं अंतर १.७५ मिमी आणि तुम्ही १० मिमी लांब, म्हणजे तिथे क्षेत्र गुळगुळीत आहे.

तुम्ही विचारलंय ते खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी ३ मिमीचं बघू.

तुमचं पाऊल ऑयलरचं आहे, म्हणजे स्पर्शिकेवरून सरळ पुढे. r त्रिज्येच्या वर्तुळावर उभं राहून स्पर्शिकेवरून h एवढं सरळ चाललं की पायथागोरसप्रमाणे केंद्रापासूनचं अंतर साधारण h²/2r ने वाढतं. हे नेहमी वाढतंच, कधी कमी होत नाही. एका फेरीत 2πr/h पावलं. दोन्हींचा गुणाकार केला की r निघून जातो आणि उरतं πh. तुमचं h १ मिमी, म्हणून ३.१ मिमी. त्यात भौतिकशास्त्र काहीच नाही. पाऊल ०.१ मिमी करा, सरकणं ०.३ मिमी होईल. फट पावलाच्या सरळ प्रमाणात कमी होत असेल तर दोष पद्धतीचा, ही त्याची खूण.

चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा वापरा. हे चालेल:

```python
import numpy as np
a, I1, I2, k = 0.10, 100.0, 100.0, 1e-7
th = np.linspace(0, 2*np.pi, 360, endpoint=False)
P  = np.c_[a*np.cos(th), a*np.sin(th), 0*th]
dl = np.c_[-np.sin(th), np.cos(th), 0*th] * (2*np.pi*a/360)

def B(x):
    r = x - P
    d = np.linalg.norm(r, axis=1)[:, None]
    b = k*I1*np.sum(np.cross(dl, r)/d**3, axis=0)
    s2 = x[0]**2 + x[1]**2
    return b + 2*k*I2*np.array([-x[1], x[0], 0.0])/s2

def u(x):
    b = B(x)
    return b/np.linalg.norm(b)

def step(x, h):
    k1 = u(x);          k2 = u(x + h/2*k1)
    k3 = u(x + h/2*k2); k4 = u(x + h*k3)
    return x + h/6*(k1 + 2*k2 + 2*k3 + k4)
```

फट मोजताना एक काळजी घ्या. शेवटचं पाऊल बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर पडेलच असं नाही, त्यामुळे नुसतं "सर्वांत जवळचा बिंदू किती लांब" असं मोजलं तर रेषा अचूक बंद होत असूनही अर्ध्या मिमीपर्यंत फट दिसेल. रेषा z = 0 हे प्रतल ओलांडते तिथला छेदबिंदू काढा. त्यासाठी आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडू नका. ओलांडायच्या आधीच्या बिंदूवरून एक छोटं पाऊल असं निवडा की z शून्य होईल, दोन-तीन दुरुस्त्यांत जमतं. मग दोन छेदांची तुलना करा.

आधी I2 = 0 ठेवून हे करा. ते बंद झालं की पुढचं बोलू.

खडूफळा

केलं. I2 = 0 ला रेषा बंद होते, फट मायक्रॉनच्याही आत. आता I2 = 100. पाऊल १ मिमी, ०.५, ०.२५, तिन्हींना तेच चित्र: रेषा वेटोळ्याच्या तारेला पीळ घालत पुढे जाते. साधारण १०० पीळ झाल्यावर वेटोळ्याची एक पूर्ण प्रदक्षिणा होते, पण सुरुवातीच्या बिंदूवर येत नाही. बाजूने निघून जाते.

मुक्ता

आता कोड बरोबर आहे. पाऊल चौपट बारीक करूनही चित्र बदलत नाही, म्हणजे ते क्षेत्राचंच चित्र. ही रेषा बंद होत नाही.

१०० कुठून आले ते कागदावर काढता येतं. वेटोळ्याच्या तारेपासून १ सेमीवर तिचं स्वतःचं क्षेत्र 2e-7 × 100 / 0.01, म्हणजे २ मिलिटेस्ला, तारेभोवती गोल फिरणारं. मधल्या सरळ तारेचं क्षेत्र तिथे, १० सेमीवर, ०.२ मिलिटेस्ला, वेटोळ्याच्या लांबीच्या दिशेने. रेषा तारेभोवती एक पीळ घेताना ६.२८ सेमी चालते, तेवढ्यात त्याच्या एक दशांश, ०.६३ सेमी, पुढे सरकते. वेटोळ्याचा परीघ ६२.८ सेमी, म्हणून सुमारे १०० पीळ. सूत्रात लिहायचं तर एका पिळामागे प्रदक्षिणेचा भाग

```
n = (r/a)^2 * (I2/I1)
```

वेटोळं वाकडं असल्यामुळे यात काही टक्क्यांची दुरुस्ती येते, ती सध्या सोडा. बघायचं आहे ते r². सुरुवातीचा बिंदू किंचित हलवला की n सलग बदलतं. n अपूर्णांक असेल, १/१०० किंवा ३/२९८ असं काही, तर रेषा तेवढ्या प्रदक्षिणांनंतर स्वतःला मिळते. n अपरिमेय असेल तर कधीच नाही. आणि संख्यारेषेवर डोळे मिटून बोट ठेवलं तर ते अपरिमेय संख्येवरच पडणार.

म्हणजे या साध्या मांडणीत जवळपास सगळ्या रेषा बंद न होणाऱ्या आहेत. बंद होणाऱ्या अपवाद.

अरविंद_कोथरूड

हे मला पटत नाही. रेषा कुठे संपत नाही, अनंताकडेही जात नाही, एवढ्याशा जागेत कोंडलेली आहे आणि तरी स्वतःला मिळत नाही? अनंत लांबीची रेषा मावणार कुठे?

मुक्ता

पृष्ठभागावर मावते. रेशमी दोऱ्याच्या बांगड्या करतात, तशी बांगडी डोळ्यांसमोर आणा. दोरा तिरका पीळ घेत बांगडीभर फिरतो. एक फेरी संपली की तो पहिल्या पिळावर बसला तर बंद. पण तो पहिल्या पिळाच्या शेजारी केसभर पुढे पडला, तर दुसरी फेरी पहिलीच्या बाजूने जाईल, तिसरी तिच्या बाजूने. दोऱ्याला जाडी असते म्हणून बांगडी भरते आणि काम थांबतं. क्षेत्ररेषेला जाडी नाही, त्यामुळे दोन पिळांच्या मध्ये नेहमीच जागा उरते.

"सुरुवात-शेवट नाही, म्हणून बंदच" या तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी चालतो, घोटाळा दुसऱ्या अर्ध्यात आहे. `div B = 0` हे समीकरण एका बिंदूपुरतं बोलतं: या इवल्याशा डबीत जेवढं आलं तेवढंच बाहेर गेलं. रेषा पुढे शंभर मीटर जाऊन काय करते यावर ते गप्प आहे. बंद होणं हा मांडणीच्या सममितीतून मिळालेला बोनस आहे. एकटं वेटोळं, एकटी तार, पट्टीचुंबक अशी पुस्तकातली सगळी उदाहरणं भरपूर सममितीची असतात, म्हणून त्यांत रेषा बंद होतात आणि आपण ते नियमाच्या नावावर टाकतो.

त्यातही एकट्या वेटोळ्याची अक्षावरची रेषा बघा. ती दोन्हीकडे सरळ अनंताकडे जाते. बंद कुठे आहे?

प्लाझ्माकर

धागा वाचून राहवलं नाही. खडूफळा यांनी नकळत टोकामॅकची, म्हणजे तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या बांगडीसारख्या यंत्राची, रेषा काढली आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू हा टोकामॅक आहे, त्यातही हेच: एक क्षेत्र लांबीच्या दिशेने, बाहेरच्या कॉइलचं, दुसरं प्लाझ्मातल्या धारेचं, आडवं फिरणारं. फरक इतकाच की तिथे लांबीच्या दिशेचं क्षेत्र जास्त तगडं असतं. एका आडव्या फेरीत रेषा किती प्रदक्षिणा घालते त्या आकड्याला q म्हणतात. मुक्ता यांचा n तोच. तुमच्याकडे ०.०१, टोकामॅकमध्ये मध्याजवळ १ च्या आसपास आणि कडेला ३ किंवा जास्त.

आमच्याकडे बंद होणाऱ्या रेषाच डोकेदुखीच्या. q = 2 किंवा 3/2 अशा पृष्ठभागावर रेषा दोन-तीन फेऱ्यांत स्वतःला मिळते, त्यामुळे कॉइलच्या जागेतली बारीकशी चूक तिला दर फेरीला त्याच ठिकाणी तोच धक्का देते. धक्के साठत जातात, पृष्ठभाग फाटतो आणि बेटं तयार होतात. अपरिमेय q असलेल्या रेषेला धक्का दर वेळी वेगळ्या ठिकाणी बसतो, म्हणून तो बराच पुसला जातो.

तुमची रेषा खरोखर पृष्ठभागावर आहे की हळूहळू वाहवत चालली आहे, हे तपासायचं असेल तर सगळी रेषा काढू नका, चित्र काळंच होईल. एक उभं अर्धप्रतल घ्या, y = 0 आणि x > 0. रेषा ते प्रत्येक प्रदक्षिणेला ओलांडते तिथे एक ठिपका, बस. n ०.०१ असताना दोनशे ठिपक्यांसाठी वीस हजार पीळ लागतील, म्हणून r ४ सेमीच्या आसपास घ्या आणि I2 वाढवून ४०० करा. मग n साधारण ०.६ येईल आणि ठिपके पटापट पडतील. सगळे एका बारीक बंद वक्रावर बसले तर ठीक. गोगलगायीसारखे बाहेर सरकत गेले तर पाऊल अजून मोठं आहे.

निखिल३डी

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच अवघड करताय. एकच ध्रुव बनवता येतो. मी १२ बाजूंचा गोळा प्रिंट केला, प्रत्येक बाजूला निओडिमियमची चकती, सगळ्यांचा उत्तर ध्रुव बाहेर, दक्षिण आत. चिकटवताना एकमेकींना ढकलतात म्हणून इपॉक्सी सुकेपर्यंत दोऱ्याने बांधाव्या लागल्या. आता बाहेरून कुठेही होकायंत्र नेलं तर उत्तरच दाखवायला हवं ना? पण कडांवर सुई उलटी होते. चकत्या कमी ताकदीच्या पडल्या का?

गुंडाळी

चकत्या ठणठणीत आहेत. सुई उलटी होणारच, कारण चकत्यांच्या मधल्या फटींतून आतला दक्षिण ध्रुव बाहेर डोकावतो. चकतीच्या तोंडातून जेवढा फ्लक्स बाहेर पडतो तेवढाच फटींतून परत आत शिरतो.

मग फटीच ठेवल्या नाहीत तर? समजा चुंबकाचं अखंड कवच आहे, सगळीकडे सारखं, उत्तर ध्रुव बाहेर. सममितीमुळे बाहेरचं क्षेत्र फक्त त्रिज्येच्या दिशेने असू शकतं आणि सगळीकडे सारखं असायला हवं. पण गोळ्याभोवतीचा एकूण फ्लक्स शून्य हवा. सारखं आणि बेरीज शून्य, म्हणजे क्षेत्रच शून्य. असा गोळा जितका परिपूर्ण कराल तितका तो चुंबक नसल्यासारखा वागेल. तुम्हाला जे क्षेत्र जाणवतंय ते फटींच्या कृपेने.

तुमचा गोळा मोडू नका, वर्गात दाखवण्यासारखी वस्तू आहे. होकायंत्राऐवजी SS49E हॉल सेन्सर घ्या. ५ व्होल्टवर क्षेत्र नसताना तो २.५ व्होल्ट देतो, पुढे दर गॉसला सुमारे १.४ मिलिव्होल्ट. पण चकतीला टेकवू नका, हजार गॉसच्या आसपास त्याचं आउटपुट टोकाला जाऊन बसतं आणि निओडिमियमच्या तोंडाशी त्याच्या कितीतरी पट असतं. गोळ्यापासून दोन-तीन सेमीवर फिरवा आणि सेन्सरचं तोंड कायम गोळ्याच्या केंद्राकडे ठेवा. सारख्या क्षेत्रफळाच्या पुरेशा तुकड्यांवरच्या वाचनांची बेरीज शून्याजवळ यायला हवी. येत नसेल तर २.५ व्होल्टचा शून्यबिंदू नीट घेतलेला नाही. तेवढी एक चूक प्रत्येक वाचनात त्याच चिन्हाने मिळते आणि बेरजेत खोटा ध्रुव तयार करते.

खडूफळा

म्हणजे बाहेरून मोजता येतं. चुंबकाच्या आत रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात हे मात्र मी मुलांना नुसतं सांगतो. ते मोजून दाखवता येईल का? आत सेन्सर कसा घालणार?

गुंडाळी

आत घालायचा नाही, भोवती गुंडाळायचा. १० मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा निओडिमियमचा दंड घ्या. कागदाची घट्ट नळी करा, चुंबक जेमतेम सरकेल अशी, आणि तिच्यावर ०.२ मिमीच्या एनॅमल तारेचे ५० वेढे, दोन थरांत, ५ मिमी रुंदीत. टोकं डिजिटल ऑसिलोस्कोपला जोडा. वेढे चुंबकाच्या मध्यावर आणा आणि चुंबक झटकन ओढून लांब न्या. व्होल्टेजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे वेढे गुणिले फ्लक्स. चुंबक हळू ओढला की फुगा बसका आणि रुंद, जोरात ओढला की उंच आणि अरुंद, क्षेत्रफळ तेच.

Br, म्हणजे चुंबकात टिकून राहिलेलं चुंबकन, १.३ टेस्ला असलेला चुंबक धरला तर मध्यावर B साधारण १.१६ टेस्ला, छेदाचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, म्हणजे फ्लक्स ९० मायक्रोवेबरच्या आसपास आणि क्षेत्रफळ ४.५ मिलिव्होल्ट-सेकंद. एक दशांश सेकंदात ओढला तर सरासरी ४५ मिलिव्होल्ट, आरामात दिसतं.

आता वेढे चुंबकाच्या टोकावर आणून तेच करा. २.२ च्या आसपास येईल. निम्मंच! लांबट चुंबकाच्या टोकाच्या चेहऱ्यातून फक्त अर्धा फ्लक्स बाहेर पडतो, उरलेला अर्धा मध्यापासून टोकापर्यंतच्या बाजूच्या भिंतींतून. सगळ्या रेषा टोकातून कारंज्यासारख्या निघतात असं चित्र आपण काढतो, ते इथे मोडतं.

आता हिशेब. उत्तर अर्ध्याला कवेत घेणारी एक काल्पनिक डबी, तिची एक बाजू चुंबकाच्या मध्यातून कापत जाणारी. टोक आणि भिंती मिळून ९० बाहेर, म्हणून मधल्या छेदातून ९० आत यायलाच हवेत, आणि वेढ्यांनी तेच मोजलं. चुंबक आतून दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतोय याचा हा मोजलेला पुरावा.

बिघडतं कुठे? स्कोपचा शून्य १ मिलिव्होल्टने सरकलेला असेल आणि तुम्ही एक सेकंदभर बेरीज केली तर १ मिलिव्होल्ट-सेकंदाची चूक, म्हणजे उत्तराच्या वीस टक्क्यांहून जास्त. आधीचा सपाट भाग घेऊन तो वजा करा आणि झटका छोटा ठेवा. नळी सैल असेल तर चुंबकाबाहेरून उलट्या दिशेने परतणारा फ्लक्सही वेढ्यांत येतो आणि आकडा खाली जातो.

अरविंद_कोथरूड

मला शिकवलं होतं की चुंबकाच्या आतही क्षेत्र उत्तरेकडून दक्षिणेकडेच असतं, म्हणूनच तो स्वतःला विचुंबकित करत असतो. मग हे काय?

गुंडाळी

तेही खरं, पण ते H बद्दल. याच चुंबकाच्या मध्यावर B १.१६ टेस्ला आणि चुंबकनाचा वाटा १.३. वजाबाकी −०.१४ टेस्ला, μ0 ने भागलं की H सुमारे −११० किलोअँपिअर प्रति मीटर. वजा म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. H च्या रेषा टोकाच्या चेहऱ्यांवर सुरू होतात आणि संपतात, त्यांच्यासाठी ध्रुव खरेच आहेत. चुंबक बनवणारे H बघतात कारण चुंबक टिकेल की नाही ते त्यावर ठरतं. वेढे मात्र B मोजतात, आणि शून्य डायव्हर्जन्सचा नियम B चा आहे. जुन्या पुस्तकांत दोन्हींना "क्षेत्र" म्हटल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ही गल्लत चालत आली.

खडूफळा

हे वेढ्यांचं करणारच. आता समीकरणाकडे येतो. एकटा ध्रुव नाही याने `div B = 0` लिहिता येतं एवढंच, की बाकीच्या समीकरणांनाही फरक पडतो?

मुक्ता

फरक फॅरेडेच्या नियमाला पडतो, आणि तो गुंडाळी यांच्याच वेढ्यांवर दिसतो. चुंबक नळीतून आरपार गेला तर आधी एका दिशेचा फुगा, मग उलट दिशेचा, आणि बेरीज शून्य. उत्तर आत गेला, मागोमाग दक्षिणही गेला. एकटा उत्तर ध्रुव आरपार गेला असता तर? तो जवळ येताना फ्लक्स एका चिन्हाने वाढतो, प्रतल ओलांडताक्षणी चिन्ह बदलतं, आणि दूर जाताना तो शून्याकडे येतो. फक्त dB/dt मोजलं तर ओलांडतानाच्या त्या उडीने बेरीज शून्य होते. पण ध्रुवाचं चलन ही स्वतः एक धारा धरावी लागते, नाहीतर समीकरणं एकमेकांशी भांडतात:

```
div B  = μ0 ρm
curl E = −μ0 Jm − ∂B/∂t
```

ρm ही ध्रुवांची घनता, Jm ही त्यांची धारा. Jm ची भर घातली की ती उडी बरोबर भरून निघते आणि वेढ्यांत एकाच चिन्हाचा फुगा उरतो. म्हणजे एकट्या ध्रुवाची खूण: आरपार गेल्यावरही शून्यावर न येणारी बेरीज.

आता उलट बाजूने वाचा. Jm नाही म्हटलं की दुसऱ्या समीकरणाचं डायव्हर्जन्स घेतल्यावर डावीकडे शून्य, म्हणून div B काळाबरोबर बदलतच नाही. फॅरेडेचा नियम एवढंच सांगतो की div B जे होतं ते राहील. ते शून्य *होतं* हे वेगळं सांगावं लागतं, आणि ते निरीक्षणातून आलेलं विधान आहे.

१९३१ मध्ये डिरॅकने दाखवलं की एक ध्रुव जरी कुठे असला तरी त्याची ताकद प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार, h/e, याच्या पटीतच असावी लागेल, म्हणजे ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर. ५० वेढ्यांत त्याचा फुगा २ × १०⁻¹³ व्होल्ट-सेकंद. गुंडाळी यांच्या स्कोपवर ते दिसणार नाही.

प्लाझ्माकर

म्हणूनच ब्लास काब्रेराने स्टॅनफर्डमध्ये अतिवाहक कॉइल वापरली. ५ सेमी व्यासाचे चार वेढे. अतिवाहकात धारा विरत नाही, त्यामुळे फुगा आपोआप साठून राहतो आणि पायरी दिसते. डिरॅकचा एक ध्रुव प्रत्येक वेढ्याला फ्लक्सचे दोन क्वांटम देतो, चार वेढ्यांना आठ. १४ फेब्रुवारी १९८२ ला नेमकी तेवढ्याच उंचीची एक पायरी नोंदली गेली. नंतर मोठ्या कॉइल लावूनही पुन्हा कधीच नाही. ती पायरी कशाची होती हे आजही ठरलेलं नाही.

खडूफळा, कोडबद्दल एक धोक्याची सूचना. पुढे वेग वाढवायला तुम्ही क्षेत्र जाळीवर साठवून मधल्या किमती तिन्ही अक्षांवर सरळ रेषेने काढायला जाल. तेव्हा `div B = 0` मोडतं. जाळीच्या बिंदूंवर क्षेत्र अगदी अचूक असलं तरी चौकोनांच्या पोटात बारीक खोटे ध्रुव तयार होतात, आणि रुंगे-कुट्टा वापरूनही रेषा हळूहळू आत किंवा बाहेर वाहवते. पाऊल बारीक केल्याने हे जात नाही, जाळी बारीक केल्यावरच कमी होतं. ऑयलरच्या दोषापासून हा असा ओळखायचा. उपाय: जाळीवर B ऐवजी ज्याचा कर्ल B येतो तो सदिश A साठवा, त्याचं गुळगुळीत इंटरपोलेशन करा आणि त्या इंटरपोलेशनचाच कर्ल घ्या. कर्लचं डायव्हर्जन्स शून्यच, कसंही इंटरपोलेट केलं तरी.

अरविंद_कोथरूड

मग निदान "सुरुवात नाही आणि शेवट नाही" एवढं तरी वर्गात सांगायला हरकत नाही ना?

गुंडाळी

त्यालाही एक खोच आहे. दोन सारखी वेटोळी समोरासमोर ठेवा, धारा उलट. बरोबर मध्ये क्षेत्र शून्य. अक्षावरून दोन्हीकडून येणारी रेषा त्या बिंदूशी येऊन थांबते, पुढची दिशाच ठरत नाही. तिथे ध्रुव नाही. अक्षावरून जेवढं आत येतं तेवढं सगळ्या बाजूंनी आडवं बाहेर जातं, म्हणूनच अक्षावर क्षेत्राचा उतार आडव्या उताराच्या बरोबर दुप्पट असतो. अणू पकडणाऱ्या लेझर सापळ्यांच्या कॉइल करताना हे २:१ कुणालाही बदलता येत नाही, `div B = 0` ने ते बांधून दिलंय. तर रेषा संपली, पण फ्लक्स हरवला नाही.

मुक्ता

मला वाटतं अशा एकट्यादुकट्या रेषा सोडून द्याव्यात, "सुरुवात-शेवट नाही" चालेल. बारावीत शून्यबिंदू काढून बसलं तर मूळ मुद्दा राहील.

गुंडाळी

मी असहमत. दोन पट्टीचुंबकांचे उत्तर ध्रुव समोरासमोर ठेवून लोखंडाचा कीस टाकायचा प्रयोग शाळेतच करतात, मधला शून्यबिंदू मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. रेषांबद्दल दावा न करता "कुठल्याही बंद पृष्ठभागातून एकूण फ्लक्स शून्य" एवढंच सांगावं. त्याला अपवाद नाही.

खडूफळा

r = ४ सेमी, I2 = ४००, तीनशे ठिपके काढले. सगळे एका बंद वक्रावर आहेत, पण वक्र गोल नाही, मधल्या तारेकडच्या बाजूला दबलेला आहे. पाऊल निम्मं केल्यावरही तसाच. हा दबलेपणा वेटोळ्याच्या वाकडेपणामुळेच ना?

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. क्षेत्र जिथे तीव्र तिथे रेषा दाट, असं आपण शिकवतो. इथे एकच रेषा सगळा पृष्ठभाग भरून टाकते आणि त्या अर्धप्रतलाला अनंत वेळा छेदते. मग दाट-विरळ मोजायचं कसं?

मुक्ता

हो, वाकडेपणामुळेच. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला समोरच्या कडेचंही क्षेत्र मिळतं, त्यामुळे तिथे पृष्ठभाग एकमेकांजवळ येतात.

दाट-विरळचं म्हणाल तर अशा क्षेत्रात रेषा मोजून काही हाती लागत नाही. दोन पृष्ठभागांच्या मधला फ्लक्स मोजता येतो, तो ठरलेला असतो. मी रेषांऐवजी बारीक नळ्या घेते, पण अपरिमेय पृष्ठभागावर नळीही फेऱ्या मारता मारता स्वतःच्या शेजाऱ्यांना भिडते. तिची जाडी शून्याकडे नेताना आधी काय करायचं, जाडी कमी की फेऱ्या जास्त, याचं मला समाधान होईल असं उत्तर अजून मांडता आलेलं नाही. प्लाझ्माकर, तुमच्याकडे हे कसं हाताळतात?

प्लाझ्माकर

पृष्ठभागांना फ्लक्सचेच क्रमांक देतो आणि रेषा मोजायच्या भानगडीत पडत नाही. बेटं तयार झाल्यावर मात्र तेही क्रमांक चालत नाहीत. खडूफळा, वेटोळं दोन अंशांनी तिरकं करून तेच ठिपके पुन्हा काढा आणि चित्र इथे टाका. n = 1/2 च्या आसपासच्या r वर बारकाईने बघा, पुढचं त्या चित्रावर बोलू.